बाळ पालथं कधी पडलं, त्याआधी कुठल्या बाजूने पडलं ते बघा

फोंड्याच्या बाजूला मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, एकाच आठवड्यात, माझ्याकडे दोन बाळं आली. दिचोलीकडच्या घरातून आलेली दहा महिन्यांची मुलगी अजून नीट बसत नव्हती आणि तिच्या आजीच्या डोळ्यांत पाणी होतं. सात महिन्यांचा मुलगा मात्र आईच्या खांद्याच्या दुखण्यासाठी ती आली म्हणून सोबत आला होता. त्याच्याबद्दल घरात कुणाला काळजी नव्हती, उलट चार महिन्यांतच पालथा पडला याचं कौतुक होतं. त्यातल्या मुलीला मी चार आठवड्यांनी परत बोलावलं. मुलाला त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. असं का, ते समजलं की या विषयातलं बरंचसं समजतं, म्हणून या दोघांच्याच आधाराने लिहिते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

आधी वय नीट मोजा

ती मुलगी ३२ आठवड्यांची असताना जन्मली होती, म्हणजे ४० आठवड्यांच्या हिशेबाने ८ आठवडे आधी. वाढीचे टप्पे बघताना हे ८ आठवडे वजा करायचे असतात. कॅलेंडरप्रमाणे ती दहा महिन्यांची असली तरी बसण्या-रांगण्याच्या हिशेबात ती जेमतेम आठ महिन्यांची होती. शेजारच्या घरातली त्याच महिन्यात जन्मलेली, पण पूर्ण दिवसांची मुलगी भिंत धरून उभी राहत होती. आजीचा सगळा जीव त्या तुलनेत अडकला होता.

ही वजाबाकी साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत करतात. लशींसाठी ती करायची नाही, लस कॅलेंडरच्या वयानेच द्यायची. डिस्चार्जच्या कागदावर गर्भाचे आठवडे लिहिलेले असतात. तो कागद घरात कुठे आहे ते आजच शोधून ठेवा, कारण डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतात.

टप्प्यांचं वय म्हणजे एक तारीख नसते

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांची वाढ त्यात सातत्याने पाहिली होती. आधाराशिवाय बसणं कुणाला चौथ्या महिन्याच्या सुमारास जमलं, तर कुणाला नऊ महिने उलटल्यावर. स्वतंत्र चालण्याची खिडकी तर सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेली निघाली. ही सगळी मुलं निरोगी होती. त्यामुळे 'आमचा बाबू अकराव्या महिन्यात चालला' हे वाक्य खरं असलं तरी दुसऱ्याच्या तेरा महिन्यांच्या, न चालणाऱ्या मुलाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

पण खिडकीला शेवटची कडही असते, आणि तिथे पोचलं की 'आमच्या घरात सगळेच उशिरा चालतात' हे उत्तर पुरत नाही. मी पालकांना चार कडा लक्षात ठेवायला सांगते. वजाबाकी केलेल्या वयाने सहा महिने पूर्ण झाले तरी बाळ कुठल्याच बाजूला वळत नसेल, किंवा वळायचा प्रयत्नही करत नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावं. नऊ महिने पूर्ण होऊन आधाराशिवाय बसत नसेल तर त्यासाठी म्हणून खास भेट घ्यावी. बारा महिन्यांत धरून उभं राहत नसेल तरी तसंच. अठरा महिन्यांत स्वतःची पावलं टाकत नसेल तर वाट बघणं थांबवावं. त्याआधी मान धरण्याचा टप्पा असतो. चार महिने झाले तरी मान लटकत असेल, तर सहा महिन्यांची वाट बघू नका.

आता सरकारी लशींचं वेळापत्रक आठवा. सहा, दहा आणि चौदा आठवडे, मग एकदम नऊ महिने, आणि त्यानंतर सोळा महिने उलटल्यावर. पालथं पडणं आणि बसणं पहिल्या फटीत होतं, उभं राहणं आणि पहिली पावलं दुसऱ्या फटीत. नेमक्या त्याच महिन्यांत, आजारपण सोडलं तर, आरोग्य केंद्रात जायचं कारण उरत नाही. म्हणून या काळातली तपासणी घरातच करावी लागते.

घरातली दहा मिनिटांची तपासणी

बाळ जागं असावं, पोट फार भरलेलं नसावं आणि अंगावर फक्त लंगोट असावा. पायात मोजे नकोत. पलंगावर करू नका. गादी मऊ असते, वळताना बाळाला जमिनीचा जोर मिळत नाही, आणि पडायची भीती वेगळीच. लादीवर चटई अंथरा, वर एक गोधडी. आपल्याकडे जूनपासून लाद्या गार आणि ओलसर होतात म्हणून बाळाला तीन-चार महिने खाली सोडतच नाहीत. पाळण्यात, मांडीवर, कडेवर आणि पलंगावरच ते वाढतं. मार्च-एप्रिलमध्ये जन्मलेली बाळं पालथी पडायला थोडी मागे राहतात असं मला वाटतं. त्याला माझ्याकडे आकडे नाहीत, नुसता अनुभव आहे. पण गोधडीखाली एक जाड सतरंजी टाकली की पावसातही सोय होते.

फोन कशाला तरी टेकवून ठेवा आणि पायाच्या बाजूने पाच मिनिटं, कुशीच्या बाजूने पाच मिनिटं चित्रीकरण करा. दवाखान्यात बाळ रडतं, झोपतं किंवा आईला चिकटून बसतं. या दहा मिनिटांत जे दिसतं ते तपासणीच्या खोलीत कित्येकदा दिसत नाही.

पालथं पडणं: दोन्ही बाजूंना

पाठीवर झोपवून खुळखुळा बाळाच्या खांद्याच्या वर, थोडा उजवीकडे धरा. डोळे जातील, मग मान, मग डावा हात छाती ओलांडून पुढे येईल आणि कमरेतून डावा पाय वर येईल. खांदा आधी वळतो आणि कंबर मागून येते, किंवा उलट, पण अंगात पीळ दिसतो. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेकांना हे जमतं. मग तोच खुळखुळा डावीकडे धरा.

त्या सात महिन्यांच्या मुलाला मी असंच चटईवर घातलं होतं. उजवीकडे तो झटकन पडला. डावीकडे खुळखुळा धरला तर त्याने मान वळवली, डोळ्यांनी बघितलं, पण वळला नाही. दोनदा प्रयत्न करून शेवटी चिडला. डावीकडे वळायला उजवा हात आणि उजवा पाय अंगावरून पुढे आणावा लागतो, आणि त्याचे तेच दोन अवयव मागे राहत होते. मग मी लाकडी ठोकळा बरोबर मध्ये ठेवला. त्याने डावा हात पुढे केला. डावा हात मी हळूच धरून ठेवला आणि ठोकळा उजव्या हाताशी नेला, तर त्याने तोंड पुढे केलं. उजवी मूठ बंदच होती, अंगठा आत दाबलेला. आई हसून म्हणाली, "आजोबांवर गेलाय, डावखुरा आहे."

हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. माणूस डावखुरा असतो, पण सातव्या महिन्यात नाही. एक हात कायमचा पसंत करणं साधारण दीड-दोन वर्षांनंतर ठरत जातं. पहिल्या वर्षात बाळाने दोन्ही हात सारख्या हौसेने वापरायला हवेत. एकच हात सतत पुढे येत असेल तर तो हात चांगला आहे यापेक्षा दुसरा हात मागे का राहिलाय, हा प्रश्न विचारायचा असतो. तीन-चार महिन्यांनंतरही एकच मूठ घट्ट बंद राहणं हाही त्यातलाच भाग.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात जुनी इजा दिसली. जन्माच्या आगेमागे तिथला रक्तपुरवठा काही काळ तुटला असावा, असं मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून त्याचा उजवा हात आणि पाय मागे होते. मुलगा पालथा वेळेवर पडला, आठव्या महिन्यात बसला, सतराव्या महिन्यात चालला. सगळं खिडकीच्या आत. नुसत्या तारखा बघणाऱ्याला तो कधीच सापडला नसता. आठव्या महिन्यापासून आम्ही उजव्या हाताला काम देत गेलो, मोठ्या चेंडूपासून सुरुवात करून, कारण मोठा चेंडू एका हाताने उचलताच येत नाही.

त्याच्या उलट, संपूर्ण अंग लाकडाच्या ओंडक्यासारखं एकदम वळत असेल आणि पाठ मागे कमानीसारखी ताणत असेल, तर ते 'लवकर पालथं पडणं' म्हणून साजरं करू नका. दोन-अडीच महिन्यांत असं पडणारं बाळ कित्येकदा ताकदीने नव्हे, अंगाच्या ताठरपणाने उलटतं. त्याचंही चित्रीकरण डॉक्टरांना दाखवा.

बसणं: पाठ आणि हात बघा

दिचोलीची ती मुलगी बसवली तर बसत होती, पण दोन्ही हात पुढे जमिनीला टेकून, बेडकासारखी. ही बसण्याची पहिली पायरी आहे आणि ती साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात दिसतो. नंतर एक हात सुटतो, मग दोन्ही. सुटलेल्या हातांनी बाळ खेळणं या हातातून त्या हातात घेतं आणि तोल गेला तर हात बाजूला टेकून सावरतं. आधी पुढे सावरतं, मग बाजूला, मागे सावरायला सगळ्यात उशिरा शिकतं. म्हणून नुकतं बसायला लागलेलं बाळ धाडकन मागे पडतं. मागे उशी ठेवा, पण त्याला उशांच्या किल्ल्यात कोंबून बसवू नका. चारी बाजूंनी टेकू असला की सावरायची गरजच पडत नाही.

त्या मुलीत मी काय पाहिलं? दोन्ही बाजूंना वळत होती. मुठी उघड्या होत्या. ठोकळा दोन्ही हातांनी घेत होती. काखेत धरून उभं केलं की तळवे सपाट टेकवून थोडा भार घेत होती, पायांची कात्री होत नव्हती, अंग ढिलंही नव्हतं. आठ महिन्यांच्या बाळाला हात टेकून बसणं चालतं, कड अजून महिनाभर लांब होती. आजीला मी सांगितलं, चार आठवडे, रोज चटईवर तीन-चार वेळा, आणि बसवताना कमरेला धरा, काखेत नको. साडेदहाव्या महिन्यात, म्हणजे वजाबाकीने साडेआठव्या, ती हात सोडून बसली. नसती बसली तर तीही त्याच वाटेने डॉक्टरांकडे गेली असती.

रांगणं

यावर कमी लिहिते, कारण यावर लोक फार काळजी करतात. वर सांगितलेल्या अभ्यासात चार टक्क्यांच्या आसपास मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी पोटावर सरकतं, कुणी ढुंगणावर बसून पुढे घसरतं. ढुंगणावर घसरणारी मुलं बरेचदा उशिरा चालतात आणि आई-वडिलांपैकी कुणीतरी तसंच घसरलेलं असतं. बाळ कसंही करून हव्या त्या वस्तूपर्यंत पोचतं का आणि दोन्ही बाजू सारख्या वापरतं का, एवढं बघा. सरकताना एक हात नेहमी अंगाखाली दुमडलेला राहत असेल किंवा एकच पाय फरफटत येत असेल, तर मात्र वरच्या मुलाची गोष्ट आठवा.

उभं राहणं आणि चालणं

कॉट किंवा खुर्ची धरून उभं राहणं, मग तिच्या कडेने बाजूला पावलं टाकणं, मग हात सोडून दोन क्षण उभं राहणं आणि मग पाऊल. पहिल्या महिन्यांत पाय फाकलेले, हात वर, पोट पुढे, पावलं सपाट आणि गुडघे थोडे बाहेर वाकलेले असतात. हे सगळं नेहमीचं आहे. अधूनमधून टाचा उचलून चालणंही चालतं. कायम दोन्ही टाचा वर असतील आणि पाऊल हाताने सहज वर वाकत नसेल, किंवा एकाच पायाची टाच वर असेल, तर दाखवा. लंगडणं दिसलं, मांड्यांच्या वळ्या दोन बाजूंना वेगळ्या वाटल्या किंवा लंगोट बदलताना एक मांडी कमी उघडत असेल, तर खुब्याचा सांधा तपासून घ्यावा लागतो. पायाळू जन्मलेल्या मुलींत तर आवर्जून. आणि लहान बाळाचे पाय सरळ करून कापडात घट्ट बांधायची पद्धत सोडून द्या, खुब्यासाठी ती वाईट आहे. हात गुंडाळा, पाय आतल्या आत हलू द्या.

वॉकरबद्दल विचारलं नाही असं एकही घर मला आठवत नाही. बाळाला मध्ये बसवून चाकांवर सोडायचा तो प्लास्टिकचा वॉकर आणू नका. कॅनडाने २००४ पासून तो विकायलाच बंदी घातली आहे, मुख्यतः जिन्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे. आपल्या सोप्याच्या पायऱ्या आणि गुळगुळीत लाद्या बघितल्या की कारण वेगळं सांगायला नको. त्यात बसलेलं बाळ पायाच्या बोटांवर जोर देऊन ढकलतं आणि तोल सांभाळायला शिकत नाही. जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो बाळ स्वतः उभं राहून, स्वतःचा भार स्वतः घेऊन ढकलतं. धरून उभं राहायला लागलेल्या बाळाला तो द्या, चाकं फार पळत असतील तर वर तांदळाची दोन किलोची पिशवी ठेवा.

दीड वर्षाचा मुलगा चालत नसेल तर डॉक्टर बहुधा सीके नावाची रक्तचाचणी सांगतात. स्नायूंचा एक दुर्मीळ आजार, ड्युशेन, मुख्यतः मुलग्यांत दिसतो आणि त्याची पहिली खूण कधीकधी एवढीच असते. थायरॉईड आणि ड जीवनसत्त्वही बघतात. चाचणी सांगितली म्हणजे आजार सापडला असं नाही.

वेळ न लावता जायचं कधी

येत असलेलं काही गेलं, तर वयाचा हिशेब करू नका. बसणारं बाळ पुन्हा कोसळायला लागलं, पकडणारा हात पकडेनासा झाला, तर लगेच जा. आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांनाही दाखवून ठेवा. चार ते आठ महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर, काही सेकंदांच्या अंतराने, पुन्हा पुन्हा दचकल्यासारखं डोकं खाली आणि हात पुढे टाकत असेल, तर ती पोटदुखी किंवा दचकणं नसून एका प्रकारची फिट असू शकते. चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इथे चार आठवडे थांबलं तर मेंदूचं नुकसान होऊ शकतं.

डॉक्टरांकडे काय न्यायचं, काय विचारायचं

सुरुवात जवळच्या बालरोगतज्ज्ञांपासून किंवा आरोग्य केंद्रापासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तेव्हाही सांगता येतं. पुढची तपासणी लागली तर म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात मुलांच्या विकासाच्या तपासणीची चौकशी करा, नाहीतर बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात.

डिस्चार्जचा कागद, लशींचं कार्ड आणि फोनमधलं चित्रीकरण सोबत हवं. आणि एका कागदावर चार ओळी लिहून न्या: किती आठवड्यांचं जन्मलं, जन्मल्यावर लगेच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, कावीळ किती वाढली होती. 'थोडं हळू आहे' असं सांगू नका. 'साडेनऊ महिन्यांचं आहे, बसवलं तर हात टेकून बसतं, उजव्या हाताने काही घेत नाही' असं सांगा. पहिल्या वाक्याला बहुतेक ठिकाणी 'होईल हळूहळू' हे उत्तर मिळतं, दुसऱ्याला बाळाला तपासावंच लागतं.

डॉक्टर डोक्याचा घेर मोजतील, हातपाय हलवून ढिले की ताठ ते बघतील, गुडघ्यावर हातोडी मारतील, खुबे उघडून बघतील. हे सगळं करून 'थांबूया' म्हणाले तर ते योग्य असू शकतं. तेव्हा एवढंच विचारा: किती आठवडे थांबायचं आणि तोपर्यंत काय दिसायला हवं? दोन्हींची उत्तरं मिळाली की तारीख कॅलेंडरवर लिहा. बाळाला न हाताळता, आईच्या कडेवर बघूनच 'थांबूया' म्हटलं असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्या सात महिन्यांच्या मुलाला महिनाभर आधी सर्दीसाठी कुठेतरी दाखवलं होतं. तेव्हाही तो आईच्या कडेवरच होता, आणि उजवा हात तिच्या पाठीमागे गेलेला होता.